फलकावरचं एक वाक्य

७ जुलै २०२५, सोमवार

शीळफाट्यावरून कल्याणकडे वळताना एक फलक उभा केलाय: 'शीळफाट्याजवळच्या पुलाच्या कामामुळे कल्याणकडे जाणारी वाहतूक संध्याकाळी बंद राहील.' तळोज्याकडचे कंटेनर, मुंब्रा बायपासवरून उतरलेले ट्रेलर आणि महापेहून आलेल्या बस एका तोंडाशी अडकल्या की हे वाक्य वाचायला हवा तेवढा वेळ मिळतो. वर्गात या आठवड्यापासून पदबंध शोधायच्या चाचण्या घ्यायच्या आहेत. इंग्रजी पुस्तकातली वाक्यं फळ्यावर लिहिली की मुलं चाचणी पाठ करतात आणि मराठी वाक्य समोर आलं की गप्प होतात. तेव्हा यंदा हाच फलक.

बसमध्ये वहीच्या मागच्या पानावर बदलीची चाचणी करून पाहिली. तिचा नियम सोपा आहे. शब्दांच्या एखाद्या गटाच्या जागी 'तो', 'ती', 'तिथे', 'तेव्हा', 'तसा' असा एकच छोटा शब्द बसवायचा. वाक्य टिकलं आणि उरलेल्या शब्दांचा अर्थ जागचा हलला नाही, तर तो गट एक घटक आहे असं समजायला आधार मिळतो. 'शीळफाट्याजवळच्या पुलाच्या कामामुळे' या सगळ्याच्या जागी 'त्यामुळे' बसतं. 'कल्याणकडे जाणारी वाहतूक' याच्या जागी 'ती', 'संध्याकाळी'च्या जागी 'तेव्हा' आणि 'बंद'च्या जागी 'तशी'. म्हणजे अख्खा फलक 'त्यामुळे ती तेव्हा तशी राहील' एवढ्यावर येतो. वाचणाऱ्याला काही कळणार नाही, पण वाक्याचे सांधे दिसतात. 'वाहतूक संध्याकाळी' किंवा 'कामामुळे कल्याणकडे' हे शब्द फलकावर शेजारी आहेत, तरी त्यांच्या जागी बसेल असा एक शब्द मराठीत सापडत नाही.

मग 'जाणारी वाहतूक' एवढ्याच्याच जागी 'ती' घातलं: 'कल्याणकडे ती संध्याकाळी बंद राहील.' वाक्य ठणठणीत आहे. मात्र आता 'कल्याणकडे' म्हणजे 'तिकडे कल्याणच्या बाजूला'. कुठल्याही दिशेने जाणारी वाहतूक तिथे बंद, असा अर्थ झाला. 'कल्याणकडे' आधी 'जाणारी'ला चिकटलेलं होतं, ते सुटून 'बंद राहील'ला जाऊन मिळालं. वर्गात पहिला घोटाळा इथेच होणार, हे दरवर्षीच्या अनुभवावरून सांगते. वाक्य बरोबर वाटलं की मुलं बरोबरची खूण करून मोकळी होतात. बदली झाल्यावर उरलेले शब्द पूर्वीचंच काम करतायत का, हे पाहायचं राहून जातं.

८ जुलै, मंगळवार

पहिल्या तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, की हे सगळं कशाला? शब्दांचे गट डोळ्यांना दिसतातच की.

ब्लूमफील्डचंही म्हणणं जवळपास तेच होतं. १९३३ च्या 'लँग्वेज' या पुस्तकात त्याने 'बिचारा जॉन पळून गेला' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य घेतलं आणि म्हटलं की या विषयाकडे लक्ष देणारा कुणीही इंग्रजी बोलणारा त्याचे दोनच तुकडे करील: 'बिचारा जॉन' आणि 'पळून गेला'. कसे, ते सांगायची त्याला फारशी गरज वाटली नाही. ती उणीव पुढच्या लोकांनी भरून काढली. झेलिग हॅरिसने १९४६ च्या लेखात एका गटाच्या जागी दुसरा गट बसतो का, हीच पद्धत करून टाकली. १९४७ मध्ये रूलन वेल्सने वाक्याचे लगतचे घटक पाडायचे कसे आणि दोन तऱ्हांनी पाडता आले तर काय, यावर सविस्तर लिहिलं. चॉम्स्कीचं पुस्तक त्यानंतर दहा वर्षांनी आलं.

मुलांना शाळेतलं वाक्यपृथक्करण आठवतं. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, विधेय, विधेयविस्तार असे रकाने आखायचे आणि शब्द भरायचे. 'वाहतूक' उद्देश्यात, 'कल्याणकडे जाणारी' विस्तारात. हे चुकीचं नाही. पण विस्ताराच्या पोटात आणखी काय कशाला बांधलेलं आहे, ते रकान्यातून कळत नाही, आणि 'हा शब्द या रकान्यात का?' याला 'बाईंनी सांगितलं म्हणून' यापलीकडे उत्तर नसायचं. चाचणी म्हणजे त्या 'का'ला उत्तर.

९ जुलै, बुधवार

तुटक उत्तरांचा दिवस. प्रश्न विचारायचा आणि समोरच्याने पूर्ण वाक्य न बोलता जेवढं उत्तर दिलं तेवढं उचलायचं. जे एकटं उभं राहू शकतं ते घटक.

सकाळी शेअर रिक्षात पुढच्या सीटवर बसले होते. चालकाला विचारलं, "दादा, कुठली वाहतूक बंद आहे म्हणे?" तो म्हणाला, "कल्याणकडची." फलकावर 'कल्याणकडे जाणारी' आहे. त्याने ते दोन शब्द एका शब्दात बसवून परत दिले. प्रश्न तुटक उत्तराचा होता, पदरात बदलीही पडली. भाषाविज्ञानाचा अभ्यास न केलेल्या माणसाकडून मिळालेलं असं उत्तर माझ्या लेखी वर्गातल्या मतदानापेक्षा जास्त वजनाचं आहे. 'हे वाक्य बरोबर आहे का?' असं विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा बोलतो. 'कुठली?', 'कधी?' असं विचारलं की तो नुसतं उत्तर देतो.

वर्गात एकेक प्रश्न लावला. 'कधी बंद राहील?' 'संध्याकाळी.' 'काय बंद राहील?' 'कल्याणकडे जाणारी वाहतूक.' 'कशामुळे?' 'शीळफाट्याजवळच्या पुलाच्या कामामुळे.' मग मुलांना उलटं काम दिलं: 'वाहतूक संध्याकाळी' हे उत्तर येईल असा प्रश्न करा. बराच वेळ धडपडून कुणालाच जमलं नाही.

एक गोष्ट मराठीत फार स्वच्छ दिसते. 'कशाजवळ?' याचं उत्तर 'शीळफाट्याजवळ'. नुसतं 'शीळफाट्या' कुणी म्हणणार नाही, आणि नुसतं 'जवळ' म्हटलं तर तो वेगळ्याच प्रश्नाला दिलेला जबाब होतो. सामान्यरूप एकटं राहत नाही. इंग्रजीत संबंध दाखवणारा शब्द वाक्याच्या शेवटी एकटा ठेवून नाम पुढे नेता येतं. तिथली पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात. आपल्या शब्दयोगी अव्ययाला ती मोकळीक नाही. विभक्तीचंही तसंच. 'काच कोणी फोडली?' याला 'बंड्याने' हेच उत्तर. 'बंड्या' म्हटलं तर ऐकणारा थांबतो. उत्तर तुटक असलं तरी प्रत्यय गळत नाही, म्हणजे प्रत्यय पदबंधाच्या आतला. अर्थात 'मी' आणि 'तू' इथे ठेंगा दाखवतात. 'कोणी फोडली?' 'मी.' त्यांना 'ने' लागतच नाही, म्हणून ही चाचणी करताना कर्ता तृतीय पुरुषी घ्यावा.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. डोंबिवलीहून येणारी विद्यार्थिनी फुलं आणि शंका दोन्ही घेऊन आली.

"मॅडम, काल तुम्ही म्हणालात एकटं उभं राहतं ते घटक. मग हे बघा. आजीने विचारलं, 'कोण कधी येणार आहे?' आईने सांगितलं, 'मामा उद्या, मावशी परवा.' 'मामा उद्या' एक घटक झाला?"

शंका खरी आहे, आणि मराठीत ती टाळता येत नाही, कारण एका वाक्यात दोन प्रश्न विचारणं आपल्याकडे रोजचं आहे. कोण कुठे बसलं, कुणाला काय दिलं, कोण कशाने आलं. दोन प्रश्नांना दोन उत्तरं मिळतात आणि ती ओळीने बोलली जातात. 'मामा' हे 'कोण'चं उत्तर आणि 'उद्या' हे 'कधी'चं. तपासायचं असेल तर त्या जोडीला एकच प्रश्न लावून बघावा. 'मामा उद्या' एवढं अख्खं ज्याचं उत्तर होईल असा एक प्रश्नशब्द नाही. बदलीतही तेच: 'मामा उद्या'च्या जागी बसणारा एक शब्द नाही. म्हणून तुटक उत्तराच्या चाचणीत प्रश्नशब्द एकच ठेवायचा. ही अट पुस्तकात बहुधा गृहीत धरलेली असते. मराठीच्या वहीत ती लिहूनच ठेवायला हवी.

१२ जुलै, शनिवार

हलवण्याची चाचणी शिकवायला मला सर्वांत अवघड जाते. इंग्रजीत शब्दांच्या जागा घट्ट असतात, त्यामुळे एखादा गट उचलून वाक्याच्या सुरुवातीला नेला आणि वाक्य टिकलं, तर ती बातमी असते. आपल्याकडे शब्द सतत हलतात. 'संध्याकाळी कल्याणकडे जाणारी वाहतूक बंद राहील', 'कल्याणकडे जाणारी वाहतूक बंद राहील संध्याकाळी', 'बंद राहील कल्याणकडे जाणारी वाहतूक संध्याकाळी'. सगळी चालतात, बोलण्यात तर सर्रास. मग हलण्यातून काय कळणार? मुंब्र्याचा एक मुलगा म्हणालाच, "मॅडम, मराठीत सगळंच हलतं."

सगळं हलत नाही. त्याला म्हटलं, 'जाणारी' एकटं उचल आणि शेवटी ने. 'कल्याणकडे वाहतूक संध्याकाळी बंद राहील जाणारी.' तो हसला. 'पुलाच्या' उचल: 'शीळफाट्याजवळच्या कामामुळे वाहतूक बंद राहील पुलाच्या.' तेही नाही. वाक्याच्या थेट फांद्या हलतात, त्यांच्या आतली पानं सहसा नाही. म्हणून मराठीत ही चाचणी वेगळ्या तोंडाने विचारावी लागते. कोण हलतं यापेक्षा कोण कुणाला सोडून हलत नाही, यात जास्त माहिती आहे.

मग 'संध्याकाळी' दोन शब्दांच्या मधे सरकवलं: 'कल्याणकडे संध्याकाळी जाणारी वाहतूक बंद राहील.' पुन्हा वाक्य धडधाकट, पुन्हा अर्थ वेगळा. फलकाप्रमाणे वाहतूक संध्याकाळी बंद असते. या वाक्यात संध्याकाळी जाणारी वाहतूक बंद आहे, ती कधी बंद झाली कोण जाणे. 'संध्याकाळी' हा शब्द 'कल्याणकडे जाणारी'च्या कंसात शिरला आणि तिथलाच होऊन गेला. कंस खरोखर आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही, कारण आत गेलेल्या शब्दाला बाहेरचं काम करता येईनासं झालं.

त्या मुलाने सोडलं नाही. "पण असं म्हणतो ना आपण, 'वाहतूक बंद राहील, कल्याणकडे जाणारी'?" म्हणतो. पण स्वल्पविरामाच्या जागी आवाज थांबतो, आणि पुढचं मागाहून सुचल्यासारखं जोडलं जातं. न थांबता, एका दमात म्हणून पाहावं. ज्याला थांबावं लागतं ती पुरवणी. पुरवणीत काहीही येऊ शकतं, म्हणून हलवण्याच्या चाचणीत ती धरत नाही. कागदावरचं वाक्य मोठ्याने म्हटल्याशिवाय निकाल लिहू नका, हे सांगून तास संपवला.

१३ जुलै, रविवार

कालचा विषय डोक्यातून जाईना. पानं सहसा तुटत नाहीत असं लिहिलं खरं, पण 'सहसा'च्या पलीकडे काय आहे तेही पाहायला हवं. 'बस मी दोनच सोडल्या.' हे वाक्य मी शुक्रवारी फोनवर घरी बोलले आहे. 'दोनच बस' हा गट फोडून 'मी' मधे बसलाय, आणि आवाज कुठेही थांबत नाही.

उत्तर विभक्ती लागल्यावर सापडतं. एकत्र असताना म्हणतो, 'मी दोनच रिक्षावाल्यांना विचारलं.' इथे 'ना' नामाला आहे, 'दोन' मोकळं. फोडून पाहू: 'रिक्षावाल्यांना मी दोनच विचारलं.' नाही चालत. चालतं ते 'रिक्षावाल्यांना मी दोघांनाच विचारलं.' म्हणजे संख्या वेगळी बसली की तिला स्वतःचं रूप घ्यावं लागतं आणि स्वतःचा 'ना' कमवावा लागतो. तो तुकडा फांदीवरून तोडलेला नाही. तो आपल्या पायावर उभा असलेला दुसरा पदबंध आहे. तुटक उत्तरही याला दुजोरा देतं. 'किती जणांना विचारलंस?' 'दोघांनाच.' 'बस मी दोनच सोडल्या' मध्ये हे झाकलेलं राहतं, कारण तिथे विभक्तीचा प्रत्यय दिसतच नाही. म्हणून फुटलेला गट तपासायचा असेल तर आधी 'ला' किंवा 'ने' लागेल असं वाक्य करावं.

केन हेलने १९८३ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी भाषेवर लिहिलेला लेख यासाठी पुन्हा काढला. तिथे एका नामाची विशेषणं वाक्यभर विखुरलेली असू शकतात. शब्द एकत्र असले तर विभक्ती गटातल्या शेवटच्या शब्दाला लागली तरी पुरते, पण विखुरले की प्रत्येकाला आपापली लागते. 'दोघांना'चं तेच चाललंय. फरक एवढा, की वार्लपिरीत हे नामाच्या कुठल्याही सोबत्याला जमतं. मराठीत 'मोठ्या' या विशेषणाला जमत नाही. 'मोठ्या मी घराला रंग दिला' कुणी म्हणत नाही.

१५ जुलै, मंगळवार

आज फलकाचा पहिला तुकडा घेतला, आणि अख्खा तास त्यातच गेला. 'शीळफाट्याजवळच्या पुलाच्या कामामुळे' यात शीळफाट्याजवळ काय आहे? पूल की काम?

अर्ध्या वर्गाने पूल म्हटलं, अर्ध्याने काम. दोन्ही शक्य आहे. लहानसा पूल फाट्यालगत असेल तर पूलच शीळफाट्याजवळचा. पूल लांबलचक असेल, काटईच्या दिशेला कुठेतरी सुरू होत असेल आणि सध्या काम फक्त त्याच्या या टोकाला चालू असेल, तर शीळफाट्याजवळचं आहे ते काम. फलक दोन्ही वेळा अक्षरशः तोच राहील.

"वाक्यात 'मुळे' काढून टाका," मी म्हटलं. "काम हा शब्द मोकळा करा." मुलांनी लिहिलं. पूल फाट्याजवळचा असेल तर: 'शीळफाट्याजवळच्या पुलाचं काम'. काम फाट्याजवळचं असेल तर: 'शीळफाट्याजवळचं पुलाचं काम'. एका मात्रेच्या फरकाने कंस उघडा पडला. 'च्या' असेल तर तो शब्द 'पुला'शी बांधलेला, कारण 'पुला' हे सामान्यरूप आहे. 'चं' असेल तर तो 'काम'शी बांधलेला. फलकावर 'मुळे' आलं, त्याने 'काम'चं 'कामा' केलं, त्याच्या मागचे सगळे 'चा-ची-चं' 'च्या' झाले आणि दोन वेगळ्या रचना एका साच्यात बसल्या. संदिग्धता लेखकाच्या हलगर्जीपणातून आलेली नाही. ती सामान्यरूपातून येते, आणि मराठीत लांब नामगटाला 'मुळे', 'साठी', 'वर' लावला की ती कुठेही उगवू शकते.

मग तिन्ही चाचण्या या तुकड्यावर चालवल्या, आणि प्रत्येकीने दोन अर्थ वेगळे काढून दिले. प्रश्न विचारला, 'कशाच्या कामामुळे?' उत्तर 'शीळफाट्याजवळच्या पुलाच्या.' हे उत्तर देणाऱ्याच्या मनात पूल फाट्याजवळ आहे. प्रश्न बदलला, 'पुलाच्या कुठल्या कामामुळे?' उत्तर 'शीळफाट्याजवळच्या.' आता काम फाट्याजवळ. हलवून पाहिलं: 'पुलाच्या शीळफाट्याजवळच्या कामामुळे.' इथे फक्त दुसरा अर्थ उरतो. पहिल्या अर्थात 'शीळफाट्याजवळच्या' हे 'पुला'च्या कंसात आहे, त्याला 'पुलाच्या'च्या पलीकडे उडी मारता येत नाही. बदली: 'त्याच्या कामामुळे' म्हटलं आणि 'त्या'मध्ये फाटा आणि पूल दोन्ही गेले, तर पहिला अर्थ. 'शीळफाट्याजवळच्या त्याच्या कामामुळे' असं अवघडलेलं वाक्य केलं तर फक्त दुसरा.

पुढे एक चाचणी हरली, आणि ते हरणं मुलांना समजावून घेण्यासारखं होतं. दुसऱ्या अर्थात 'पुलाच्या कामा' हा गट एकत्र असायला हवा. त्याच्या जागी सर्वनाम घाला: 'शीळफाट्याजवळच्या त्यामुळे.' अजिबात नाही. तर मग तो गट घटक नाही का? मुलांनी लगेच खोडला. पण 'तो', 'ती', 'ते' ही सर्वनामं पूर्ण नामगटाच्या जागी येतात. आधीच एक विशेषण लागलेल्या, अर्धवट गटाच्या जागी ती बसत नाहीत. हत्यार त्या मापाचं नव्हतं. चाचणी पार पडली तर घटक असल्याचा पुरावा मिळतो. हरली तर घटक नसल्याचा पुरावा मिळतोच असं नाही.

त्या मापाचं हत्यार मराठीत आहे, ते म्हणजे गाळणं. 'काटईजवळचं पुलाचं काम संपलं, शीळफाट्याजवळचं नाही.' दुसऱ्या अर्ध्यात काय गाळलंय? 'पुलाचं काम'. दोन्ही शब्द एकदम गळाले आणि ऐकणाऱ्याने ते एकदम भरून घेतले, म्हणजे गट आहे. आता दुसरा अर्थ घालवून पहिला घ्या: 'काटईजवळच्या पुलाचं काम संपलं, शीळफाट्याजवळच्याचं नाही.' इथे गळालाय तो फक्त 'पूल', आणि त्याचा 'चं' निराधार झाल्यावर 'जवळच्या'ला येऊन लागलाय. 'जवळचं' आणि 'जवळच्याचं' यांच्यातला फरक मुलांना कानाने लगेच कळला. तो कागदावर कंसांत मांडायला मात्र फळा दोनदा पुसावा लागला.

१६ जुलै, बुधवार

तास नव्हता. वर्तमानपत्रात बुलेट ट्रेनच्या बोगद्याचं वाचलं. वांद्रे-कुर्ला संकुल ते शीळफाटा २१ किलोमीटर, त्यातले ७ ठाणे खाडीखालून. 'ते' या छोट्या शब्दाकडे लक्ष गेलं. 'संकुल ते शीळफाटा' एकत्र हलतं, पण 'कुठपर्यंत?' याला 'ते शीळफाटा' असं उत्तर देता येत नाही, 'शीळफाट्यापर्यंत'च म्हणावं लागतं. शिवाय 'पर्यंत' लागलं की 'शीळफाटा'चं सामान्यरूप होतं, 'ते'च्या पुढे होत नाही. 'पर्यंत' आपल्या नामाशी बांधलेलं आहे, 'ते' दोन नामांच्या मधे उभं आहे. याहून जास्त आज नको.

१८ जुलै, शुक्रवार

राहिलेला प्रश्न: कर्म आणि क्रियापद मिळून एक घटक होतो का? इंग्रजीच्या पुस्तकात होतो, आणि मुलं तो झाडात काढतातही. मराठीत तो दाखवता येतो का?

सकाळच्या कोंडीत आमच्यापुढच्या रिक्षावाल्याने गाडी महापेकडे वळवली, आणि आमच्याने पाच मिनिटांनी तसंच केलं. हेच दोन्ही भाग वर्गात लिहिले. आधी तुटक उत्तर. 'पुढच्याने काय केलं?' 'गाडी महापेकडे वळवली.' मुलं खूश. पण मराठीत कर्ता न उच्चारता पूर्ण वाक्य बोलता येतं. 'गाडी महापेकडे वळवली' हे तुटक उत्तर आहे की कर्ता गाळलेलं अख्खं वाक्य, हे कानाला कळत नाही. इंग्रजीत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे कर्ता सहसा गाळता येत नाही. आपल्याकडे या ठिकाणी ही चाचणी गढूळ आहे. क्रियापदाचं रूप बदलून थोडी स्वच्छ करता येते: 'त्याने काय ठरवलं?' 'गाडी महापेकडे वळवायचं.' मात्र त्यातही न बोललेला कर्ता असतो असं मानणारे आहेत, त्यामुळे माझा तिच्यावर फार भर नाही.

भर द्यायचा तो 'तसंच केलं' वर. 'पुढच्याने गाडी महापेकडे वळवली, आमच्याने पाच मिनिटांनी तसंच केलं.' चालतं. 'पाच मिनिटांनी' बाहेर राहू शकलं, म्हणजे वेळ 'तसंच केलं'च्या कंसाबाहेर. आता दिशा बाहेर ठेवून पाहा: 'आमच्याने मुंब्र्याकडे तसंच केलं.' 'मुंब्र्याकडे' म्हणजे त्या भागात, असा अर्थ घेतला तरच निभावतं, वळवण्याची दिशा म्हणून नाही. कर्म बाहेर ठेवा: 'त्याने रिक्षा वळवली, मी टेम्पो तसंच केलं.' मोडलं. म्हणजे कर्म आणि दिशा क्रियापदासोबत आत, वेळ आणि कर्ता बाहेर. मराठीतही त्या जागी एक गाठ आहे, शब्द कितीही हलत असले तरी.

डोंबिवलीच्या मुलीने हात वर केला. "मॅडम, 'टेम्पोचंही तसंच केलं' असं तर चालतं."

चालतं. आणि त्यामुळे निष्कर्ष डळमळत नाही, उलट पक्का होतो. तिथे 'टेम्पो' हे 'वळवणं'चं कर्म उरलेलं नाही. 'चं' लावून ते 'करणं'च्या बाजूला आलंय, टेम्पोच्या बाबतीतही तेच केलं, असं. नुसतं 'टेम्पो' ठेवायचं म्हटलं तर वाक्य उभं राहत नाही. कर्माला कंसातून बाहेर यायचं असेल तर वेगळा प्रत्यय घेऊनच यावं लागतं, जसं 'दोन'ला 'दोघांना' व्हावं लागलं होतं. मुलीला म्हटलं, हे गृहपाठात लिही, आणि 'टेम्पोला तसंच केलं' चालतं का तेही घरात दोघातिघांना विचारून ये. वाक्य वाचून दाखवू नकोस. गोष्ट सांग आणि पुढचं त्यांना बोलू दे.